मृत्यूचा प्रश्न आला तर : पत्रिका उघडण्याआधी आणि नंतर ज्योतिषाने पाळायच्या मर्यादा

पत्रिका दाखवायला आलेला माणूस मृत्यूचा प्रश्न सहसा सरळ विचारत नाही. तो ओटीवर बसतो, पाणी घेतो, पावसापाण्याचे बोलतो आणि मग "काका, पुढचं वर्ष कसं आहे?" असे विचारतो, त्याच्या शेजारी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पत्रिकेबरोबर रुग्णालयाचे कागदही असतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका गावात मी गेली अनेक वर्षे पत्रिका पाहतो. मृत्यू, गंभीर आजार आणि घटस्फोट या तीन प्रश्नांबाबत काय बोलावे आणि कुठे थांबावे, याची माझी पद्धत एका चुकीतून तयार झाली. ती पद्धत येथे क्रमाने मांडतो आहे. जे नव्याने पत्रिका पाहू लागले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी ती चूक सांगतो. साठी ओलांडलेल्या एका बागायतदाराची पत्रिका पाहताना मी एका पानावर जरा जास्त वेळ थांबलो, पत्रिका मिटली आणि म्हणालो, "पुढचं वर्ष जरा जड आहे, सांभाळून राहा." मृत्यू हा शब्द मी उच्चारला नव्हता, त्यामुळे आपण मर्यादा पाळली असे मला वाटले. त्या गृहस्थांनी घरी जाऊन आपली हापूसची बाग पाच वर्षांच्या कराराने मिळेल त्या भावात देऊन टाकली, मुंबईच्या मुलाला नोकरी सोडून गावी बोलावले आणि वर्षभर एकट्याने एसटीत पाऊल ठेवले नाही. ते वर्ष गेले, त्यानंतरचीही गेली आणि ते आजही आहेत. मुलाची नोकरी मात्र गेली ती गेलीच. माझ्या त्या एका वाक्यापेक्षा माझे थांबणे आणि पत्रिका मिटणे त्यांनी अधिक लक्षपूर्वक वाचले होते.

नकार पत्रिका उघडण्याआधी द्यावा

त्या अनुभवानंतर मला पहिला नियम उमगला. भयसूचक प्रश्नाला उत्तर देणार नाही, हे पत्रिका उघडण्याच्या आधी आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले पाहिजे. पत्रिका पाहून झाल्यावर दिलेला नकार हा नकार राहत नाही. "काकांनी बघितलं आणि बोलायचं टाळलं" याचा घरात एकच अर्थ होतो. दहा जणांना आयुष्याबद्दल चार शब्द बोलून अकराव्याला "तो विषय नको" असे म्हटले, तर त्या अकराव्याला मृत्यूचे भाकीतच दिले जाते, आणि तेही असे की ज्याचा प्रतिवाद त्याला करता येत नाही.

म्हणून माझ्या बैठकीसमोर एक पाटी आहे आणि प्रत्येकाला, अगदी विहिरीसाठी मुहूर्त काढायला आलेल्यालाही, ती मी वाचायला लावतो. तिच्यावर चार ओळी आहेत : "येथे कोणाच्याही आयुष्याची मुदत सांगितली जात नाही. आजाराचे निदान किंवा उपचाराचा परिणाम सांगितला जात नाही. दोघांपैकी एकाचीच पत्रिका पाहून संसार मोडेल की टिकेल, हे सांगितले जात नाही. हा नियम सर्वांना सारखाच आहे." चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळेच माझा नकार त्या माणसाच्या पत्रिकेपासून वेगळा राहतो. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना मी स्वतः वाचून दाखवतो आणि त्यानंतरच जन्मवेळ विचारतो.

शब्दांइतकेच चेहऱ्यालाही वळण लावावे लागते. मी पत्रिका पृच्छकाच्या समोर उलगडत नाही. ती आधी मागवून घेतो, एकटा असताना गणित मांडतो आणि भेटीच्या वेळी टिपणाचा कागदच समोर ठेवतो, त्यामुळे अष्टम स्थानावर नजर रेंगाळण्याचा प्रसंगच येत नाही. "जड आहे", "सांभाळून राहा", "देवाची कृपा असू दे", "आत्ता नको विचारू" या चार वाक्यांना मी माझ्या बैठकीत बंदी केली आहे. सावधगिरीची एखादी सूचना द्यायचीच असेल, तर ती विषयासह आणि मुदतीसह द्यावी, आणि तशी देता येत नसेल तर देऊ नये.

आलेल्या प्रश्नामागचा प्रश्न शोधावा

आता एक प्रसंग तपशिलात घेऊ. ओळख पटू नये म्हणून त्यातील काही गोष्टी बदलल्या आहेत. दापोलीच्या बाजूच्या एका मच्छीमार गावातून एक वहिनी आल्या. नवऱ्याचे वय 52, घरची बोट. गालाच्या आत बरे न होणारा व्रण होता, तुकडा काढून तपासला तेव्हा कर्करोग निघाला आणि मुंबईच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया करायला सांगितली. तत्पूर्वी त्यांच्या दिरांनी दुसऱ्या एका ठिकाणी पत्रिका दाखवली होती. तिथे उत्तर मिळाले की रवीच्या महादशेत गुरूची अंतर्दशा सुरू आहे, मिथुन लग्नाला गुरू सप्तमेश म्हणून मारक आहे, तेव्हा ती संपेपर्यंत शस्त्राला हात लावू देऊ नये.

वहिनींनी मला विचारले, "काका, ह्यांचं काय होणार?" या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नये. मी तीन गोष्टी विचारल्या : डॉक्टरांनी नेमके काय सांगितले आहे, घरात आज कोणता निर्णय अडला आहे, आणि पत्रिका दाखवल्याचे खुद्द रुग्णाला माहीत आहे का. पहिल्या प्रश्नाने कागद पिशवीतून बाहेर आले. दुसऱ्या प्रश्नाने कळले की दीर आणि सासूबाई शस्त्रक्रिया पुढे ढकला म्हणत आहेत, वहिनींना ते पटत नाही, पण उद्या काही वाईट झाले तर "तू ऐकलं नाहीस" हे आयुष्यभर ऐकावे लागेल अशी भीती त्यांच्या मनात आहे. खरा प्रश्न हा होता. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आले. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाच्या आजाराची चर्चा त्याच्या माघारी करणे ही माझ्या दृष्टीने मर्यादेबाहेरची गोष्ट आहे, म्हणून त्यांना मी त्याच वेळी नवऱ्याला फोन लावायला सांगितला. त्यांची हरकत नाही, असे त्यांच्याच तोंडून ऐकल्यावर मग पुढे बोललो.

मुदत का सांगता येत नाही, हे गणितानेच दाखवावे

केवळ "मृत्यू सांगणे पाप आहे" असे म्हटले, की ऐकणारा समजतो की काकांना कळते आहे, पण ते सांगत नाहीत. त्यामुळे भीती कमी न होता वाढते. शास्त्राच्या स्वतःच्या मोजमापात ती मुदत ठरत नाही, हे दाखवून दिले तर माणूस शांत होतो. ते दाखवायला अर्धा तास लागतो, तो द्यावा.

या गृहस्थांची जन्मवेळ पत्रिकेत पहाटे 3 अशी लिहिली होती. ती कोणी सांगितली, असे विचारल्यावर कळले की सासूबाईंनी "भरती भरत आली होती" असे सांगितले आणि त्या दिवशी श्रावण वद्य चतुर्थी होती. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीची पाऊणपट 3, म्हणून कोणी तरी 3 वाजता असे लिहून टाकले. परंतु "भरत आली होती" या शब्दांत दोन तासांचा काळ सहज बसतो. दीडपासून साडेतीनपर्यंत कोणतीही वेळ खरी असू शकते.

या दोन तासांचा परिणाम असा होतो. चंद्र दिवसाला साधारण 13 अंश चालतो, म्हणजे दोन तासांत एका अंशाहून थोडे अधिक. नक्षत्र 13 अंश 20 कलांचे असते. जन्मनक्षत्र उत्तराभाद्रपदा असल्याने जन्मदशा शनीची, 19 वर्षांची. दोन तासांच्या फरकाने जन्मदशेची शिल्लक सुमारे दीड वर्षाने मागेपुढे होते आणि पुढच्या सगळ्या दशा तेवढ्याच सरकतात. रवीची महादशा 6 वर्षांची आणि तिच्यातील गुरूची अंतर्दशा 9 महिने 18 दिवसांची आहे. म्हणजे ज्या काळाची भीती घातली गेली, त्या काळाच्या जवळजवळ दुप्पट चूक जन्मवेळेतच आहे. ती अंतर्दशा आज चालू आहे, होऊन गेली आहे की अजून यायची आहे, हेही खात्रीने सांगता येत नाही.

लग्नाचे तेच. त्या दिवशी पहाटे 2 च्या सुमारास लग्न वृषभाचे मिथुन होत होते. जन्म त्याआधीचा असेल, तर लग्न वृषभ, आणि वृषभ लग्नाला सप्तमेश मंगळ व द्वितीयेश बुध. म्हणजे गुरूला मारकेश ठरवणारा आधारच निघून गेला. त्यातून आपल्या भागात काही घरांत टिळक पंचांग चालते. त्याचे अयनांश रैवत पक्षाचे असल्याने चित्रा पक्षाच्या अयनांशापेक्षा सुमारे 4 अंशांनी वेगळे पडतात, आणि शनीच्या जन्मदशेत तेवढा फरक पाच वर्षांहून अधिक होतो. एकाच माणसाची, एकाच वेळेची पत्रिका, तरी पंचांग बदलले की दशा इतकी सरकते.

वहिनींना सर्वांत जास्त पटली ती गोष्ट मात्र याहून सोपी होती. प्रत्येक महादशेत नऊही ग्रहांच्या अंतर्दशा येतात. मिथुन लग्न खरे धरले, तरी या गृहस्थांच्या आयुष्यात शनी, बुध, केतू आणि शुक्र या चारही महादशांत गुरूची अंतर्दशा येऊन गेली आहे. शुक्रातली तर 2 वर्षे 8 महिन्यांची होती. "त्या काळात त्यांना काय झालं होतं?" असे मी विचारले. थोडा वेळ आठवून त्या म्हणाल्या, "तेव्हाच नवी बोट घेतली."

येथे एक सावधगिरी सांगतो. हे गणित मुदत सांगता येत नाही, एवढेच सिद्ध करते. त्यावरून "काही होत नाही, बिनधास्त राहा" असे म्हणायला ज्योतिषाला अधिकार मिळत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी होईल असे खोटे आश्वासन देणे हेही तितकेच मर्यादेबाहेर आहे, कारण त्यावर विसंबून घरचे लोक पुढच्या उपचारांचा खर्च जमवत नाहीत, रुग्ण कागदपत्रांच्या सह्या लांबणीवर टाकतो आणि उलट झाले तर बायकोच्या माथी दोष येतो. मी वहिनींना सांगितलेले वाक्य असे होते : "यांच्या आजाराचं काय होईल हे पत्रिकेवरून मला सांगता येत नाही आणि दुसऱ्या कोणालाही सांगता येणार नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलायला पत्रिकेत कारण नाही. किती दिवस थांबता येईल, हे फक्त तुमचे डॉक्टर सांगू शकतात." हे वाक्य मी कागदावर लिहून, खाली सही करून दिले, कारण घरी जाऊन ते दिरांना आणि सासूबाईंना दाखवायचे होते.

मुहूर्त आणि उपाय

वहिनींनी पुढे मुहूर्त विचारला. उपचाराच्या मुहूर्ताबाबत माझा नियम असा आहे की डॉक्टरांनी दिलेल्या तारखांच्या बाहेर एक दिवसही जायचे नाही. त्यांनी तीन तारखा दिल्या असतील, तर त्यांतील एक निवडायला मी मदत करतो. एकच दिली असेल, तर "हीच घ्या" म्हणतो आणि पंचांग उघडतही नाही. अपघात, हृदयविकार, सर्पदंश, अडलेले बाळंतपण अशा वेळी फोन आला, तर पहिले वाक्य "108 ला फोन केलात का?" हेच असले पाहिजे.

उपायांच्या बाबतीत पैशांचा संबंध तोडणे हीच मुख्य मर्यादा आहे. ज्याने भीती सांगितली, त्यानेच शांतीचे पैसे घ्यायचे, ही रचनाच दूषित आहे, मग तो माणूस कितीही सज्जन असो. गंभीर आजाराच्या प्रसंगी मी स्वतः कोणतेही अनुष्ठान घेत नाही, रत्न सुचवत नाही आणि रकमेचा आकडा उच्चारत नाही. महामृत्युंजयाचा जप करावासा वाटतो, असे कोणी म्हटले तर घरच्या देवापुढे रुग्णाने किंवा घरच्यांनी जमेल तेवढा करावा, असे सांगतो. ग्रामदेवतेला कौल लावायचा असेल, तर त्यालाही माझी ना नाही. मात्र गाऱ्हाणे घालताना "शस्त्रक्रिया सुखरूप होऊ दे" असे मागावे. "करू की नको" असा कौल मागू नये, हे मी आवर्जून सांगतो. डाव्या बाजूचे फूल पडले म्हणून तपासणीला न गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

कायद्याची बाजूही थोडक्यात माहीत असावी. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातून ज्योतिषाच्या सल्ल्याला वगळलेले आहे, परंतु कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्याच कायद्याने गुन्हा आहे. मंत्र, ताईत, कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात करणे 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात बसते, आणि अशी जाहिरात फोनवरून गावभर पाठवली तरी ती जाहिरातच असते.

घटस्फोटाचा प्रश्न

आजाराच्या प्रश्नात निर्णय डॉक्टरांकडे सोपवता येतो; घटस्फोटाच्या प्रश्नात तशी जागा पटकन सापडत नाही, म्हणून येथे ज्योतिषाचा तोल अधिक लवकर जातो. समोर दोघांपैकी एकच बसलेला असतो आणि त्याला बहुधा आपल्या मनातील निर्णयावर शिक्कामोर्तब हवे असते. "द्विभार्या योग", "वैधव्य योग" हे शब्द अशा वेळी उच्चारले, की ते दुसऱ्या दिवशी सासरी पोहोचतात आणि भांडणात पुरावा म्हणून वापरले जातात. गुणमेलनातील "मृत्युषडाष्टक" हा शब्दही असाच आहे. दोन राशी परस्परांपासून सहाव्या-आठव्या असल्या आणि त्यांच्या स्वामींत मैत्री नसली, एवढाच त्याचा अर्थ. परंतु लग्नाला बारा वर्षे झालेली जोडपीसुद्धा नावातील "मृत्यू" वाचून धास्तावून येतात. माझ्या टिपणात मी तो शब्द लिहीतच नाही.

बाई एकटी आली असेल, तर मी पत्रिकेआधी एकच गोष्ट विचारतो : घरात मारहाण होते का? उत्तर होकारार्थी असेल, तर त्या दिवशी पत्रिका पाहायची नाही. "हा काळ सोसा, दशा बदलली की सुधारेल" हे वाक्य अशा घरात जिवावर बेतू शकते. महिलांसाठीचा 181 हा क्रमांक आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही माहिती मी छापून ठेवली आहे. मात्र कागद घरी नेणे धोक्याचे असेल, तर ती तोंडी पाठ करून घ्यावी.

आणखी एक खूण ओळखायला शिकावे. "माझं किती राहिलंय ते सांगा" असे स्वतःबद्दल कोणी विचारले, विशेषतः कर्जात बुडालेल्या, नुकतेच जोडीदार गेलेल्या किंवा परीक्षेत अपयश आलेल्या माणसाने, तर तो आयुर्दायाचा प्रश्न समजू नये. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरत नाही. उलट पुष्कळदा माणूस रडू लागतो आणि बोलतो. त्याला एकटे घरी पाठवू नये, घरच्या विश्वासातील एका माणसाला त्याच्यादेखत फोन करावा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक तिथेच लावून द्यावा.

आधीच बोलून गेलो असू तर

ज्यांच्या तोंडून असे भाकीत निघून गेले आहे, त्यांनी वाट पाहत बसू नये. त्या घरी स्वतः जावे, ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच "मी जे म्हणालो त्याला आधार नव्हता, ते बोलायला नको होते" असे म्हणावे आणि त्या भीतीपोटी कोणते निर्णय घेतले गेले हे विचारावे, कारण त्यांतले काही अजून मागे घेता येण्यासारखे असतात. बागायतदारांकडे मी गेलो ते तीन वर्षांनी. बागेच्या कराराची दोन वर्षे उरली होती आणि ती मोडता आली नाहीत.

मी प्रत्येक भेटीची एक ओळ वहीत लिहितो : तारीख, विचारलेला प्रश्न, मी बोललेले नेमके वाक्य. रुग्णाचे नाव आणि आजार लिहीत नाही, कारण गाव लहान आहे आणि वही कोणाच्याही हाती लागू शकते.

वहिनींच्या नवऱ्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी दिलेल्या दुसऱ्या तारखेला झाली, त्यानंतर किरणोपचारही झाले. पुढे काय, ते त्यांच्या तपासण्या सांगतील. शिमग्याच्या आधी ते स्वतः माझ्याकडे आले होते. बोलायला अजून त्रास होतो, म्हणून त्यांनी कागदावर लिहून दाखवले की बोट विकायची की मुलाच्या हाती द्यायची, हे विचारायचे आहे. मी त्यांना बसवले आणि आधी पाटी वाचायला लावली.